पोळ्याला जन्मलेला पोरगा आणि आमच्या दुसरीचा वाढदिवस तक्ता

ऑगस्ट २०२५ मध्ये माझ्या दुसरीच्या वर्गात कॅलेंडर आणि महिने शिकवताना जे जे झालं ते इथे सविस्तर लिहितेय. शाळा जालना जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, दुसरीत २३ लेकरं, बहुतेकांच्या घरी शेती नाहीतर मजुरी, दोन घरं वीटभट्टीवर आलेली आणि हिंदी बोलणारी. मुलांची नावं देत नाही, गरजही नाहीये.

सुरुवात साधी होती. महिने पाठ करून घ्यायचे, वर्गाचा वाढदिवस तक्ता लावायचा, रोज तारीख लिहून घ्यायची, इतकंच ठरवलेलं. सोमवारी ४ ऑगस्टला मी एकेकाला टेबलाजवळ बोलावून चार प्रश्न विचारले, कारण सगळे एकसुरात म्हणतात तेव्हा कोणाला येतंय कोणाला नाही काहीच कळत नाही. महिने ओळीने म्हण. ऑगस्टच्या आधी कोणता महिना. आजच्या तारखेवर बोट ठेव आणि वार सांग. आजपासून तीन दिवसांनी कोणती तारीख.

महिने १६ जणांनी व्यवस्थित म्हटले, जानेवारी फेब्रुवारी करत डिसेंबरपर्यंत न थांबता. पण "ऑगस्टच्या आधी" विचारल्यावर त्यातलेच बहुतेक गप्प. मग लक्षात आलं की ते ओठातल्या ओठात जानेवारीपासून सुरू करतायत आणि ऑगस्टला पोचेपर्यंत आपण नेमकं काय शोधत होतो तेच विसरतायत, जसं आरती मधूनच म्हणायला सांगितली तर आपल्याला पहिल्या ओळीपासून सुरू करावी लागते अगदी तसं. म्हणजे महिने त्यांना गाण्यासारखे येत होते, एकेक महिना सुटा उचलून घेता येत नव्हता. हे मला अपेक्षित होतं. बाकी दोन प्रश्नांत जे निघालं ते मात्र अजिबात अपेक्षित नव्हतं.

खिडकीजवळ बसणारी एक मुलगी आहे, बेरजेत पक्की, वाचन चांगलं. तिला मी विचारलं, ८ तारखेला कोणता वार? मी कार्डशीटवर ऑगस्टचं मोठं कॅलेंडर स्केचपेनने काढलं होतं, वर आडवे वार, रविवारपासून शनिवारपर्यंत, खाली तारखा. तिने ८ वर बोट ठेवलं, तिथून सरळ डावीकडे गेली, ७, ६, ५, ४, ३, कडेला पोचली, तिथे काही लिहिलेलं नाही म्हणून थोडं थांबली, मग वर पाहिलं आणि म्हणाली रविवार. २० तारीख विचारली, पुन्हा रविवार. १३ विचारली, रविवार. मी मनात नोंद केली की हिला वार येत नाहीत, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

दुपारच्या सुट्टीत सहज ऑफिसमधल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे घरोघरी जे मोठं मराठी कॅलेंडर लटकवलेलं असतं त्यात वार डाव्या कडेला उभे असतात, रवि सोम मंगळ खाली खाली, आणि तारखा वरून खाली उतरतात. त्या कॅलेंडरवर ८ चा वार शोधायचा तर डावीकडेच जावं लागतं. पोरीने तंतोतंत तेच केलं होतं! तिची पद्धत बरोबर होती, फक्त माझा कागद वेगळ्या बाजूने काढलेला होता. घरी आजीच्या शेजारी उभी राहून एकादशी कधी, दूधवाल्याचं किती झालं हे बघत ती ते कॅलेंडर वाचायला शिकलीय, आणि मी मात्र तिला काहीच येत नाही असं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधलं ते कॅलेंडरच वर्गात आणलं. पुन्हा विचारलं, तिने क्षणात सांगितलं, ८ ला शुक्रवार. अजून पाच-सहा जण असेच सुधारले. माझा कार्डशीटचा कागद मी फेकला नाही, आठवडाभर बाजूला ठेवला आणि नंतर दोन्ही शेजारी टांगले, कारण मोबाईलमध्ये आणि बऱ्याच पुस्तकांत आडव्या वारांचंच कॅलेंडर असतं आणि तेही वाचता आलं पाहिजे. फक्त त्या आधी एकच सवय लावली, कोणतंही कॅलेंडर पुढे आलं की पहिलं बोट वारांवर. वार कुठे लिहिलेत, वर की बाजूला? ते सापडल्याशिवाय तारखेला हात लावायचा नाही.

त्या उभ्या कॅलेंडरची एक अडचण आहे, ती ऑगस्टमध्ये नेमकी आडवी आली. १ ऑगस्ट शुक्रवारी होता, म्हणजे पहिल्या उभ्या रांगेत रविवार ते गुरुवारचे चौकोन रिकामे. महिना ३१ दिवसांचा, शेवटची ३१ तारीख रविवारी, तिच्यासाठी सहावी रांग काढायला जागा नाही, म्हणून ती छापणाऱ्याने पहिल्या रांगेत सगळ्यात वर, रविवारच्या रिकाम्या चौकोनात टाकलेली. आपल्याला सवय आहे, आपण बघतही नाही. पण सात वर्षांचं लेकरू वरून वाचायला लागतं आणि त्याला ऑगस्ट ३१ पासून सुरू झालेला दिसतो. तीन जणांनी मला सांगितलं की महिन्याची पहिली तारीख ३१. मग आम्ही त्या ३१ भोवती लाल गोल केला आणि ३० पासून तिथपर्यंत एक लांब बाण काढला, "ही पाहुणी आहे, हिची जागा शेवटी, इथे जागा नव्हती म्हणून वर बसलीय". ज्या महिन्यात असं होतं तिथे हा बाण पोरं आता स्वतःच काढतात.

आता चौथा प्रश्न. आज ४ तारीख, तीन दिवसांनी कोणती? २३ पैकी १४ जणांनी ६ सांगितलं. सगळे बोटांवर मोजत होते, चार, पाच, सहा, झाले तीन. आजचा दिवस धरून मोजत होते. ही चूक दरवर्षी होते आणि दरवर्षी मी "आज धरायचा नाही रे" असं सांगून पुढे जायचे, दोन दिवस बरोबर येतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी व्हरांड्यात खडूने लांब पट्टी आखली, दहा चौकोन, १ ते १०, कॅलेंडरसारखेच वरून खाली. पोरगा ५ वर उभा. मी म्हटलं, तू ५ वर उभा आहेस, अजून उडी मारली का? नाही. मग उड्या मोजायच्या, चौकोन मोजायचे नाहीत. एक उडी, ६. दोन उड्या, ७. तीन उड्या, ८. सगळा वर्ग ओरडून उड्या मोजायला लागला आणि दोन दिवसांत १४ चे ४ झाले.

पण गंमत पुढे आहे. गुरुवारी ७ ऑगस्टला, आमच्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, मी विचारलं, आज ७ तारीख, आठ दिवसांनी कोणती? उड्यांनी मोजलं तर १५ येते, बरोबर. पण मागच्या बाकावरचा एक जण उभा राहून तावातावाने म्हणाला, "मॅडम, आठ दिवसांनी बाजार असतो. पंधराला झेंडा आहे, बाजार कुठंय?" आणि तो खरंच बोलत होता. बाजार १४ ला. आपण सगळे बोलताना "आठ दिवसांनी बाजार" असंच म्हणतो, "आठ दिवसांनी या" म्हणजे पुढच्या त्याच वाराला या, आणि "पंधरा दिवसांनी" म्हणजे दोन आठवड्यांनी, जे उड्यांनी मोजलं तर १४ च भरतात. आठवडा या शब्दातच आठ आहे. गुरुवार ते गुरुवार दोन्ही गुरुवार धरून मोजा, आठच होतात. म्हणजे पोरं आज धरून मोजत होती ते काही आकाशातून पडलेलं नव्हतं, घरातलं प्रत्येक माणूस तसंच मोजतं.

त्यानंतर मी "आज धरायचा नाही" हे वाक्य वापरायचंच बंद केलं. दोन नावं दिली, "आज धरून" आणि "आज सोडून". बाजाराचे आठ दिवस आज धरून, गणिताचे तीन दिवस आज सोडून. कॅलेंडरवर दाखवलं की गुरुवारच्या ओळीत ७ च्या उजवीकडचा चौकोन १४, त्याच्या उजवीकडे २१, मग २८, एका चौकोनाच्या अंतरात सात उड्या लपलेल्या आहेत. कुणी घरून "आठ दिवसांनी मामा येणार" असं सांगितलं की वर्ग विचारतो, धरून का सोडून? आणि बहुतेक वेळा मामा त्याच वारी येणार असतो.

"परवा" या शब्दानेही असाच घोळ घातला, पण तो लवकर सुटला. परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस पण आणि उद्याच्या नंतरचा पण. वीटभट्टीवरच्या दोन मुलांची अडचण अजून मोठी, त्यांच्या घरी कालही "कल" आणि उद्याही "कल". आम्ही ठरवलं की बोट क्रियापदावर. "परवा मामा आला", आला म्हणजे होऊन गेलं, कॅलेंडरवर मागे दोन. "परवा मामा येणार", पुढे दोन. त्या दोन मुलांनी हा नियम सगळ्यात आधी पकडला, कारण घरी ते रोज असंच तर ओळखत असतात.

आता वाढदिवस तक्त्याकडे येते, खरं प्रकरण तिथलंच आहे.

तक्ता मी असा केला. भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये सुतळी, तिच्यावर ओळीने बारा पट्ट्या, प्रत्येकीवर महिन्याचं नाव आणि खाली त्याचा क्रमांक, जानेवारी १, फेब्रुवारी २ असं. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, पुढे नाव, मागे जन्मतारीख, आणि कार्ड कपड्याच्या चिमट्याने पट्टीला लावायचं. चिकटवायचं नाही हे मी मुद्दाम ठरवलेलं, कारण काढता-लावता आलं तर मुलं हाताळतात. पहिल्या फेरीत कार्डं मुलांनीच कापली आणि एकेकाचं एकेका आकाराचं झालं, लांब आडनाववाल्यांची लांब. त्यामुळे मे महिन्याची ३ कार्डं जूनच्या ५ कार्डांपेक्षा खाली लोंबायला लागली आणि "सगळ्यात जास्त वाढदिवस कोणत्या महिन्यात" विचारलं की अर्धा वर्ग मे म्हणायचा. कार्डं पुन्हा कापली, सगळी एकाच मापाची. मग जून ५, मे ३, जानेवारी, मार्च, जुलै, सप्टेंबर आणि नोव्हेंबर प्रत्येकी २, बाकीच्या महिन्यांत एकेक, असे २३ स्वच्छ दिसायला लागले.

तारखा मी दाखल खारीज रजिस्टरवरून घेतल्या. तिथे एका मुलाची तारीख ९ सप्टेंबर २०१८, म्हणून त्याचं कार्ड सप्टेंबरच्या पट्टीला. मंगळवारी सकाळी येऊन बघते तर कार्ड ऑगस्टवर. वाटलं पडलं असेल, कुणीतरी चुकीच्या जागी लावलं. परत सप्टेंबरवर लावलं. बुधवारी पुन्हा ऑगस्टवर. गुरुवारी मी आधीच जाऊन दारातून पाहिलं, तो स्वतः बाकावर चढून चिमटा काढत होता. विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "माझा वाढदिवस पोळ्याला असतोय. पोळा ऑगस्टमध्ये आलाय." खरंच होतं, २०२५ चा पोळा २२ ऑगस्टला होता, शुक्रवारी.

मी त्याला रजिस्टर दाखवलं. बघ, ९/९/२०१८, नऊ म्हणजे सप्टेंबर. त्याने पट्टीवरचा आकडा पाहिला, नऊ सप्टेंबर हे त्याला कळलं, पण चेहरा तसाच. आता वाटतं की तिथे मी घाई केली. त्याच्या डोक्यात जे होतं ते चुकीचं आहे असं मी सांगितलं, पण ते कुठून आलंय हे विचारलंच नाही.

शनिवारी त्याची आजी शाळेत आली. रागात नव्हती, पण ठाम होती. "मॅडम, हे लेकरू पोळ्याच्याच दिशी झालंय. बैल मिरवून आणले आन् इकडं सुनंला कळा सुरू झाल्या. दर पोळ्याला म्या ह्याला ववाळते. तुमी सप्टेंबर कसं म्हनता?" मी तिथेच मोबाईलवर २०१८ चं पंचांग काढलं. २०१८ चा पोळा होता ९ सप्टेंबरला, रविवारी. आजी बरोबर होती, रजिस्टर बरोबर होतं, आणि पोरगाही बरोबर होता. एकाच दिवसाला दोन पत्ते होते आणि त्यातला एक दरवर्षी जागा बदलत होता.

हे दुसरीच्या वर्गाला समजावून सांगायचं कसं, यावर मी तो रविवार घालवला. चंद्र, तिथी, अमावास्या हे सगळं सांगत बसले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. मग एक सोपी गोष्ट सुचली. गावात जुनी कॅलेंडरं बरीच घरं ठेवतात, कारण चौकोनाचौकोनात दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, गाय कधी भरवली असं लिहिलेलं असतं, आणि उरलेली वह्यांना कव्हर घालायला येतात. मी पोरांना सांगितलं, घरी असेल तर जुनं कॅलेंडर आणा. २०२३ ची दोन आली, २०२४ ची पाच. प्रत्येकात पोळा शोधायचा, एवढंच काम. बैलाचं छोटं चित्र कापून त्या चौकोनावर ठेवायचं.

२०२३ मध्ये बैल १४ सप्टेंबरवर बसला. २०२४ मध्ये २ सप्टेंबरवर. २०२५ मध्ये २२ ऑगस्टवर. तिन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी जमिनीवर पसरली आणि पोरांनी स्वतः पाहिलं की बैल दरवर्षी मागे मागे सरकतोय. किती? मोजलं, उड्यांनीच. १४ पासून २ पर्यंत बारा. २ सप्टेंबरपासून २२ ऑगस्टपर्यंत महिना ओलांडून मागे जायचं होतं, ते फळ्यावर सगळ्यांनी मिळून केलं, अकरा. (ऑगस्टला ३१ दिवस हे इथे खरोखर कामाला आलं, ३० धरून मोजणाऱ्यांचं उत्तर दहा आलं आणि मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायची युक्ती त्याच दिवशी शिकवली.) आणि १५ ऑगस्ट? तो तिन्ही कॅलेंडरांत पंधरालाच. वार बदलला, तारीख नाही.

मग एक मुलगी म्हणाली, असंच मागे जात राहिला तर पोळा उन्हाळ्यात येईल. मला इतका आनंद झाला त्या प्रश्नाचा की सांगू शकत नाही. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात आणि आपलं इंग्रजी वर्ष ३६५ चं, म्हणून सण दरवर्षी अकरा-बारा दिवस लवकर येतात, आणि ते फार मागे जाऊ नयेत म्हणून अधूनमधून एक जास्तीचा महिना घालतात, अधिक महिना, ज्यात जावयाला वाण देतात. जावयाचं वाण सगळ्यांना माहीत होतं! २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ होता म्हणून त्या वर्षी पोळा सप्टेंबरात ढकलला गेला होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण. इतकंच सांगितलं, याहून खोलात गेले नाही, दुसरीला तेवढं पुरतं.

तक्त्यात मग बदल केला. बारा पट्ट्यांच्या खाली दुसरी सुतळी बांधली, तिच्यावर फक्त सण, कागदी चित्रांची, आणि ती चित्रं दरवर्षी नव्या कॅलेंडरावरून लावायची. वरच्या सुतळीवरची कार्डं हलत नाहीत, खालच्या सुतळीवरची हलतात. त्याचं कार्ड वर सप्टेंबरला, आणि कार्डाच्या मागे तारखेखाली त्याने स्वतः एक बैल काढला. खाली ऑगस्टच्या जागी मोठा बैल लावला. पोळ्याला आजीने त्याला ओवाळलं आणि ९ सप्टेंबरला, मंगळवारी, वर्गाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. कार्ड त्यानंतर जागेवरून हललं नाही.

यातूनच पुढे एक गृहपाठ निघाला, घरातल्या मोठ्या माणसांच्या जन्मतारखा लिहून आणा. आल्या त्या बघून पोरं चकित, किती तरी आजी-आजोबांची तारीख १ जून. एका घरात आजी, आजोबा आणि चुलत आजोबा तिघंही १ जूनचे. मी सांगितलं की पूर्वी घरी तारीख लिहून ठेवत नसत, शाळेत नाव घालायला आणलं की गुरुजी वय बघून जूनमधली एक तारीख टाकायचे, म्हणून इतके सगळे १ जूनचे. खरा दिवस मात्र "नागपंचमीच्या आदल्या दिवशी", "मोठ्या दुष्काळात", "ज्वारी काढताना" असा सांगितला गेला, तोही आम्ही तारखेच्या शेजारी लिहिला. माझ्या वर्गाच्या जूनमधल्या पाच मुलांच्या तारखा जन्मदाखल्यावरून आहेत, त्या खऱ्या आहेत, हे पण तपासून घेतलं.

रोजच्या तारखेबद्दलही सांगते, कारण तिथे माझी एक जुनी सवय मोडली. तारीख मी लिहायचे आणि मुलं वहीत उतरवायची. बघून लिहिण्यात तारखेचा विचार शून्य असतो. म्हणून पाळी लावली, ज्याची पाळी त्याने कॅलेंडर बघून फळ्यावर तारीख आणि वार लिहायचा. सोमवारी १८ ऑगस्टला पाळीच्या मुलाने लिहिलं, "सोमवार १६/८/२०२५". का? कारण शुक्रवारी १५ ला तो झेंड्याला शाळेत आला होता, १६ ला गोपाळकाल्याची सुट्टी, १७ ला रविवार, आणि त्याच्यासाठी शाळेचा पुढचा दिवस म्हणजे पुढची तारीख. सुट्टीत कॅलेंडर थांबतं असं त्याने धरलं होतं. नंतर विचारलं तर अजून सात-आठ जणांनी तेच धरलेलं. तेव्हापासून सुट्टीनंतर पहिलं काम, गेलेल्या प्रत्येक दिवसावर फुली मारायची आणि एकेक जण सांगणार, त्या दिवशी आपण काय केलं. शनिवारी दहीहंडी पाहिली, फुली. रविवारी बाबांसोबत रानात, फुली. मगच आजचा चौकोन. गणपतीच्या सुट्टीनंतर पाळीच्या मुलीने काही न विचारता आधी फुल्या मारल्या आणि बरोबर तारीख लिहिली.

दिवाळीच्या सुट्टीआधी तेच चार प्रश्न पुन्हा एकेकाला विचारले. वार सांगणं २३ पैकी २१ ना आलं, दोन्ही कॅलेंडरांवर. तीन दिवसांनी, पाच दिवसांनी, हे २० जणांना. "आधीचा महिना" १५ जणांना, म्हणजे अजून आठ जण अडकतात, आणि त्यात सगळ्यात अवघड जागा जानेवारीची. "जानेवारीच्या आधी कोणता?" "काहीच नाही, तिथून सुरू होतंय." बारा पट्ट्या मी एका सरळ सुतळीवर लावल्या त्याचा हा परिणाम, सरळ दोरीला टोक असतंच. येत्या जूनपासून तक्ता गोल करणार आहे, डिसेंबरची पट्टी जानेवारीला लागून. तारीख आकड्यात लिहिताना ९/१२ आणि १२/९ ची अदलाबदल चार जणांकडून अजूनही होते. कुणी तारीख वाचली की त्या महिन्याच्या पट्टीला हात लावून यायचं असं करून घेतेय, फरक पडतोय पण हळूहळू.

आणि एक अडचण तक्त्याची आहे, ती सांगितली पाहिजे. माझ्या वर्गातली तीन मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यातल्या एकीचा वाढदिवस नोव्हेंबरात. तिचं कार्ड तिथे लटकलेलं आणि ती नाही, हे मला बघवलं नाही. ती जाण्याआधी ऑक्टोबरमध्ये तिचा दिवस वर्गात केला आणि तिच्या हातात नोव्हेंबरचं पान कापून दिलं, तिच्या तारखेला गोल करून, म्हणजे तिकडे कोपीत रोज एक फुली मारायची आणि गोल आला की वाढदिवस. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा ते पान दप्तरात घडी करून ठेवलेलं होतं, फुल्या गोलापर्यंत नीट, आणि गोलानंतर मागच्या कोऱ्या बाजूला तिने स्वतः चौकोन आखून डिसेंबर काढला होता. वार डावीकडे उभे, घरच्यासारखे.

जानेवारीत नवं २०२६ चं कॅलेंडर वर्गात लावलं, तेव्हा खालच्या सुतळीवरचे सण काढून नव्याने लावायचे होते. पोळ्याच्या मुलाने सांगायच्या आधीच सप्टेंबरचं पान उघडलं. या वर्षी पुन्हा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पोळा परत सप्टेंबरात गेलाय. बोट सरकवत सरकवत तो १० तारखेला थांबला, गुरुवार. मग एक चौकोन वर गेला, ९, बुधवार, आणि ओरडला, "मॅडम, आदल्या दिवशी मी, दुसऱ्या दिवशी बैल!" आणि बैलाचं चित्र घेऊन सप्टेंबरच्या पट्टीखाली, आपल्या कार्डाच्या बरोब्बर खाली लावायला बाकावर चढला.